अकराशे चाळीस शब्दांचा एसओपी पाचशेत कसा बसवायचा

परभणी, बीड, नांदेडकडची मुलं परदेशी स्कॉलरशिपचा अर्ज भरायला बसली की एसओपीचा, म्हणजे हा कोर्स मला का करायचाय हे सांगणाऱ्या निबंधाचा, पहिला मसुदा हजार-बाराशे शब्दांच्या खाली क्वचितच येतो. मर्यादा असते बऱ्याचदा 500 ची. मग कात्री चालायला लागते. इथलं एक विशेषण काढ, तिथलं एक 'अँड' काढ, दोन वाक्यं जोडून एक कर. दोन-तीन रात्री जागून हजाराचे साडेआठशे होतात आणि तिथं काम अडतं. पुढं काही कापवत नाही, कारण आता प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटायला लागलेलं असतं.

काम अडतं ते एका साध्या कारणानं. जास्तीचे शब्द वाक्यांत नसतातच, जास्तीचे असतात दावे. 'मी पाण्याची टंचाई अनुभवली आहे' हे एकदा आईच्या हंड्यातून सांगितलेलं असतं, एकदा श्रमदानाच्या शिबिरातून, एकदा भविष्यातल्या स्वप्नातून आणि शेवटी उपसंहारात पुन्हा. शब्द दरवेळी वेगळे, म्हणून लिहिणाऱ्याला ती पुनरुक्ती दिसत नाही. वाचणाऱ्याला मात्र दुसऱ्याच परिच्छेदात दिसते.

ही सवय येते कुठून, तेही सांगते. शाळेतल्या निबंधानं आपल्याला शिकवलं की आधी विषयाचं महत्त्व, मग विस्तार, मग उपसंहारात तेच पुन्हा जोर देऊन. त्यात भर पडते सीनियरनं पाठवलेल्या नमुन्याची आणि आधीच्या दोन-तीन अर्जांतून उचललेल्या परिच्छेदांची. प्रत्येक जुना परिच्छेद स्वतःची ओळख स्वतः करून देतो. तीन जुने परिच्छेद जोडले की ओळखही तीनदा होते.

खालची सगळी पद्धत एका उदाहरणावर दाखवते. मी मुलांचे अर्ज वाचून देते, त्यातल्या काही मसुद्यांमधून हे उदाहरण बेतलं आहे, त्यामुळे गाव-नाव शोधू नका. मुलगी बीड जिल्ह्यातली, परभणीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीची बी.टेक., अर्ज युरोपातल्या भूजल विषयाच्या मास्टर्ससाठी. निबंध अर्थातच इंग्रजीत होता. इथं वाक्यं मराठीत देते, पण परिच्छेदांचे शब्द मोजलेत ते इंग्रजी मजकुराचे. ही बारीक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, इंग्रजीत तिचा वेगळा शब्द होतो. 'विहिरीच्या काठावर' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याचे सहज सहा होतात. मराठीत विचार करून कच्चा मसुदा लिहायला काहीच हरकत नाही, पण मर्यादेचं गणित मराठीवर करू नका, फसगत होते.

कापण्याआधी: बाकीच्या कागदांवर काय आहे ते बघा

एसओपी एकटा जात नाही. त्याच्यासोबत मार्कशीट असते, बायोडेटा असतो, दोन शिफारसपत्रं असतात. दहावीचे 91 टक्के, बी.टेक.चा सीजीपीए, वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस, एनएसएसचं प्रमाणपत्र हे सगळं त्या कागदांवर आधीच आहे. तेच एसओपीत लिहिणं म्हणजे एकाच पाकिटात तीच गोष्ट दोनदा पाठवणं.

म्हणून सगळे कागद शेजारी ठेवून मसुदा एकदा वाचा आणि जे दुसरीकडे आहे त्यावर रेघ मारा. अपवाद एकच: आकड्याला स्पष्टीकरणाची गरज असेल तर तो राहू द्या. तिसऱ्या सेमिस्टरला गुण घसरले कारण त्या वर्षी वडिलांच्या आजारपणात शेत तुम्ही सांभाळलं, हे मार्कशीट सांगणार नाही. त्याला एक वाक्य द्यायला हवं. दोन नाही.

आमच्या मुलीचा चौथा परिच्छेद 140 शब्दांचा होता आणि त्यात विषयांची नावं, गुण आणि सेमिनारची शीर्षकं होती. त्यातलं जवळजवळ सगळं मार्कशीटवर होतं.

समासात दावा लिहा

आता मुख्य काम. मसुद्याची प्रिंट काढा, फोनवर हे होत नाही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार-पाच शब्दांत लिहा की हा परिच्छेद वाचणाऱ्याला नेमकं काय पटवतो. परिच्छेदात काय 'आहे' ते लिहायचं नाही, तो काय 'पटवतो' ते लिहायचं. 'लातूरच्या रेल्वेबद्दल' हे चुकीचं, 'मला दुष्काळ माहीत आहे' हे बरोबर.

तिच्या मसुद्याचं असं झालं. पहिला परिच्छेद, 160 शब्द: मराठवाडा, पर्जन्यमान, 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. पटवतो काय? दुष्काळ माहीत आहे. दुसरा, 150 शब्द: आईचा हंडा, वडिलांची कोरडवाहू शेती. दुष्काळ माहीत आहे, आणि घर कष्टाळू आहे. तिसरा, 110: शाळा, 'पाणी हेच जीवन'. दुष्काळ, जिद्द. चौथा, 140: बी.टेक. मेहनती आहे. पाचवा, 120: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, विहिरींची मोजणी. इथं प्रथमच काहीतरी नवं आलं: मी मोजते, नोंदी ठेवते, प्रश्न विचारते. सहावा, 130: एनएसएसचं शिबिर, बांधबंदिस्ती. जिद्द, दुष्काळ. सातवा, 130: विद्यापीठाची स्तुती. काहीच पटवत नाही, फक्त एका अर्ध्या वाक्यात तिला तिथं काय शिकायचंय ते येतं. आठवा, 110: मराठवाडा दुष्काळमुक्त करीन. दुष्काळ. नववा, 90: उपसंहार, म्हणजे दुष्काळ आणि जिद्द पुन्हा.

बेरीज 1140. 'दुष्काळ माहीत आहे' हा दावा नऊपैकी सहा परिच्छेदांत आला. 'मेहनती आहे' हा पाच ठिकाणी. निवड ठरवणारी गोष्ट, म्हणजे तिनं स्वतः काय केलं, ती फक्त पाचव्या परिच्छेदात, 120 शब्दांत. अख्ख्या निबंधाचा दहावा हिस्सा.

ही तीन वाक्यं बघा, तिच्याच मसुद्यातली, वेगवेगळ्या परिच्छेदांतून घेतलेली:

"मी लहानपणापासून दुष्काळाचे चटके सोसले आहेत आणि त्यामुळेच पाण्याच्या क्षेत्रात काहीतरी करून दाखवण्याची माझी तीव्र इच्छा आहे."

"दुष्काळाची झळ स्वतः अनुभवल्यामुळे श्रमदानात मी मनापासून काम केले."

"दुष्काळग्रस्त भागातून आलेली असल्याने पाण्याची किंमत मला ठाऊक आहे."

तिन्ही वाक्यांत एकही शब्द फुकट वाटत नाही. पण शेजारी शेजारी ठेवली की कळतं, हे एकच वाक्य आहे. एकेक शब्द कापत बसलात तर तिन्ही वाक्यं थोडी थोडी बारीक होऊन तशीच राहतात. समासात दावा लिहिला तरच दोन वाक्यं मुळासकट जातात.

हे करताना वाईट वाटतं, हेही खरं. तिनं मला विचारलंच, "ताई, आईचा हंडा काढून टाकला तर माझ्याकडं राहिलं काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढं येतं.

दुष्काळानं सुरुवात करायची का?

मराठवाड्यातल्या मुलांसाठी हा वेगळा मुद्दा म्हणून घेते, कारण जवळजवळ प्रत्येक मसुदा इथंच सुरू होतो. शेतीचा अर्ज असो, समाजकार्याचा असो की डेटा सायन्सचा, पहिलं वाक्य भेगाळलेल्या जमिनीचं. निवड समितीतला माणूस एका बैठकीत अर्जांचा गठ्ठा वाचतो. त्याच्यासमोर आफ्रिकेतल्या, बुंदेलखंडातल्या, राजस्थानातल्या मुलांचे अर्ज असतात आणि त्यातही दुष्काळ असतो. दुष्काळ ही तुमची परिस्थिती झाली. त्या परिस्थितीत तुम्ही काय पाहिलं, काय केलं, हे तुमचं. समितीला निवडायचं आहे ते या दुसऱ्या गोष्टीवरून.

माझं मत जरा कडक आहे: घरची हलाखी सविस्तर मांडून सहानुभूती मिळवायचा प्रयत्न वाचणाऱ्याला लगेच जाणवतो, आणि गुणवत्तेवर दिल्या जाणाऱ्या स्कॉलरशिपमध्ये त्याचा उपयोगही होत नाही. आर्थिक गरज विचारात घेणाऱ्या योजना उत्पन्नाचा दाखला वेगळा मागतात. ती बाजू त्या कागदावर सोडा.

पण प्रदेशाची ओळख पूर्ण गाळूनही चालत नाही. बाहेरच्या वाचकाला मराठवाडा कुठं आहे हे माहीत नसतं. त्यासाठी वाक्यसुद्धा लागत नाही, वाक्यातला एक तुकडा पुरतो: 'मराठवाड्यात, महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या, काळ्या कातळाच्या भागात'. लातूरची रेल्वे, 1972 चा दुष्काळ, आकडेवारी, सरकारी योजनांची नावं, हे सगळं बाहेर. भूजलाच्या निबंधात 'काळा कातळ' मात्र आत, कारण पुढचा प्रश्न त्याच्यावरच उभा आहे.

सूत्र शोधा: कुठल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं?

पुनरुक्ती काढून झाल्यावर हातात सुटे तुकडे राहतात. त्यांना ओवणारं सूत्र लागतं. 'माझी पाण्याबद्दलची आवड' हे सूत्र होत नाही. आवड एका जागी बसून असते, तिच्यातून पुढचं वाक्य निघत नाही. उलट, अडलेल्या प्रश्नातून पुढची प्रत्येक गोष्ट आपोआप निघते. प्रश्न पडला कसा, तो सोडवायला काय केलं, कुठं अडलं, त्यासाठी हाच कोर्स का, आणि शिकून आल्यावर काय करणार. एसओपीत विचारलेलं सगळं या एका ओळीत येतं.

म्हणून मसुदा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: माझ्या कामात अशी कुठली जागा आली जिथं मला जे येत होतं ते पुरलं नाही?

ती पाचव्या परिच्छेदावर बोलायला लागली तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. गावच्या शिवारात 14 विहिरी. ऑक्टोबर ते मे, दर पंधरवड्याला तिनं प्रत्येक विहिरीची पाणीपातळी टेपनं मोजली होती. सव्वादोनशेच्या आसपास नोंदी. शिवारात प्लॅस्टिकचं अस्तर असलेली पाच शेततळी होती. शेततळं कागदावर पावसाचं वाहतं पाणी साठवण्यासाठी असतं, पण अनेक ठिकाणी ते विहिरीतून किंवा बोअरमधून पंपानं भरलं जातं. तिच्या गावातही तसंच होतं. जमिनीखालचं पाणी वर आणून उघड्यावर ठेवायचं, आणि त्यातलं बरंच उन्हात उडून जायचं. तिच्या नोंदींत शेततळ्यांलगतच्या चार विहिरींनी मार्चमध्येच तळ गाठला होता, बाकीच्या दहांना मेपर्यंत पाणी होतं.

"म्हणजे शेततळ्यांमुळं विहिरी आटल्या, असं लिहिलंय का कुठं?" मी विचारलं.

"नाही लिहिलं. तसं म्हणता येत नाही ना, ताई."

का म्हणता येत नाही, ते तिनं नीट सांगितलं. आपल्याकडच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत राहतं. शंभर मीटरवरच्या दोन विहिरींखाली मुरमाचा थर वेगळा असू शकतो. त्या चार विहिरी मुळातच उथळ थरावर असतील तर त्या शेततळी नसतीही तरी लवकर आटल्या असत्या. हे वेगळं करायला पंपिंग टेस्ट घ्यावी लागते, म्हणजे विहिरीतून पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजावं लागतं, आणि भूजलाचं मॉडेल बांधावं लागतं, मॉडफ्लोसारख्या प्रोग्रॅमवर. बी.टेक.ला तिनं त्याचं नाव ऐकलं होतं, काम केलं नव्हतं.

हे सगळं 1140 शब्दांत कुठंच नव्हतं! मसुद्यात प्रकल्पाचा शेवट 'हा अनुभव मला खूप काही शिकवून गेला' असा होता. 'मला हे सांगता आलं नाही' हे लिहायला मुलं घाबरतात, कमीपणा वाटतो. पण मास्टर्सला का यायचंय, याचं सगळ्यात खरं कारण त्याच वाक्यात असतं.

शब्दांचं बजेट

आता जुना मसुदा उघडायचा नाही. आधी कोऱ्या कागदावर शब्दांची वाटणी करायची. मर्यादा 500 असेल तर 480 चं बजेट करा, वरचे 20 शिल्लक ठेवा. शेवटच्या क्षणी विद्यापीठाचं पूर्ण नाव किंवा कोर्सचं नाव लिहावं लागतं, त्यात ते जातात.

तिची वाटणी अशी झाली. सुरुवात आणि प्रश्न कसा पडला: 90. काय मोजलं, काय दिसलं: 150. काय सांगता आलं नाही आणि हा कोर्स ते कसं शिकवतो: 120. पदवीतलं आधीचं शिक्षण, जे या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे तेवढंच: 40. परत आल्यावर: 80. सगळ्यात मोठा हिस्सा केलेल्या कामाला आहे. तुमचा विषय वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण ओळखीला कामापेक्षा जास्त शब्द जात असतील तर वाटणी चुकली असं समजा.

उपसंहाराला शून्य. पाचशे शब्दांत सांगितलेलं पुन्हा सांगायची गरज कुणालाच नसते.

मग हंड्याचं काय झालं? तो राहिला, पण कामाला लागला. बोलता बोलता ती म्हणाली होती की कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं हे आईला तोंडपाठ होतं, कारण त्याप्रमाणं तिला वाट बदलावी लागायची. तिथूनच मोजायची कल्पना आली. नवी सुरुवात अशी झाली:

"कुठली विहीर कुठल्या महिन्यात आटते हे माझ्या आईला पाठ आहे, त्यावर तिची पाण्याची वाट ठरते. बी.टेक.च्या शेवटच्या वर्षी मी तिची ही यादी आकड्यांत लिहायला घेतली. मराठवाड्यात, महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या, काळ्या कातळाच्या भागात, आमच्या शिवारातल्या 14 विहिरींची पातळी मी ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला मोजली. आईच्या यादीतल्या चार विहिरी आता दोन महिने आधी आटत होत्या."

आधी आईवर 150 शब्द होते आणि त्यातून दया येत होती. आता दोन वाक्यं आहेत, आणि त्यातून कळतं की या मुलीनं घरातलं ज्ञान तपासून बघितलं. मूळ प्रसंग तोच आहे. तो आता 'मी सोसलं' हा दावा करत नाही, प्रश्नाचा उगम सांगतो. कुठलाही आवडता प्रसंग ठेवायचा की नाही, हे ठरवताना हेच बघा: तो काढला तर पुढचं वाक्य अडतं का? अडत असेल तर ठेवा.

पुन्हा लिहा, दुरुस्ती करू नका

वाटणी समोर ठेवून नव्यानं लिहा, जुन्या फाइलमधून कॉपी-पेस्ट न करता. जुना परिच्छेद आणला की त्याची ओळख आणि समारोपही सोबत येतो.

तिचा नवा मसुदा 538 शब्दांचा झाला. भागवार बघितलं तर 92, 201, 122, 41, 82. म्हणजे जास्तीचे सगळे एकाच भागात, मोजणीच्या वर्णनात. हा बजेटचा खरा फायदा: कुठं कापायचं ते शोधावं लागत नाही. त्या भागात टेपला वजन कसं बांधलं, विहीरमालकांची परवानगी कशी घेतली, पहिल्या महिन्यात कोण हसलं, हे होतं. वाचायला गोड होतं, पण प्रश्न पुढं नेत नव्हतं. ते 36 शब्द गेले. उरलेले 15 वाक्यांच्या सफाईत निघाले आणि निबंध 487 वर थांबला.

सातव्या परिच्छेदातली विद्यापीठाची स्तुती, 'जगप्रसिद्ध', 'अनुभवी प्राध्यापकवृंद', अर्थातच परत आली नाही. तिच्या जागी कोर्सच्या पानावरून दोनच गोष्टी आल्या: भूजल मॉडेलिंगचा विषय आणि फील्डवर्कमध्ये होणारी पंपिंग टेस्ट. दोन्ही तिच्या अडलेल्या प्रश्नाला जोडलेल्या. विषयांची नावं संकेतस्थळावरून त्या वर्षीची तपासून घ्या, मागच्या वर्षीच्या सीनियरच्या निबंधातून उचलू नका, विषय बदलतात.

भविष्याच्या परिच्छेदातही हेच. 'मराठवाडा दुष्काळमुक्त करीन' हे कुणीही लिहू शकतं आणि कुणीच करू शकत नाही. त्याजागी तिनं लिहिलं की राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, पण त्यांवरून एकेका शिवाराचं चित्र मिळत नाही. परत आल्यावर काही गावांत गावकऱ्यांकडूनच विहिरी मोजून घेऊन रब्बीच्या पेरणीआधी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आहे. लहान वाटतं, पण करता येण्यासारखं आहे, आणि तिनं ते एका गावात अर्धं केलेलंही आहे.

आता कुठं वाक्यांकडे वळायचं

बहुतेक जण जिथून सुरुवात करतात ते काम इथं, सगळ्यात शेवटी येतं. तिच्या जुन्या मसुद्यातलं एक वाक्य घेऊन दाखवते, मराठीतच मोजू:

"माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या दरम्यान मला आमच्या गावातील विविध विहिरींच्या पाण्याच्या पातळीचा सखोल अभ्यास करण्याची अत्यंत मोलाची संधी प्राप्त झाली." हे 20 शब्द.

"शेवटच्या वर्षी मी गावातल्या 14 विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजली." हे 10.

निम्म्या शब्दांत माहिती उलट वाढली. 'विविध'च्या जागी 14 आले, 'सखोल'च्या जागी 'दर पंधरवड्याला' आलं. आणि 'अभ्यास करण्याची संधी प्राप्त झाली' या चार-पाच शब्दांच्या लांबलचक शेपटीच्या जागी एक क्रियापद आलं: मोजली. आपल्या इंग्रजीत ही शेपटी फार असते. 'आय गॉट अ ग्रेट ऑपॉर्च्युनिटी टू स्टडी' असं दिसलं की 'आय मेझर्ड' किंवा जे काय केलं असेल ते लिहा. 'इन ऑर्डर टू' म्हणजे नुसतं 'टू'. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' म्हणजे 'बिकॉज'. 'आय हॅव ऑलवेज बीन पॅशनेट अबाउट' हे पूर्ण काढा, मागं काहीच रिकामं राहत नाही.

एक धोका आहे. सफाईच्या भरात 'म्हणून', 'पण', 'त्यामुळे' हे जोडशब्दही कापले जातात, कारण ते लहान असतात आणि सहज निघतात. मग निबंधाचा बायोडेटा होतो. मोजलं. आटल्या. शिकायचंय. परत येईन. तुमचं कसं आणि का हे याच लहान शब्दांत असतं. त्यांच्याऐवजी एखादं पूर्ण वाक्य काढा. दुसरा धोका संक्षेपांचा. शब्द वाचवायला यंत्रणेचं नाव आद्याक्षरांत लिहायचं आणि ती कुठली ते सांगायचंच नाही, हे बाहेरच्या वाचकाला कोडं होतं. नाव एकदाच येणार असेल तर 'राज्याची भूजल यंत्रणा' असं साधं लिहा. 'शिवार', 'शेततळं' यांचंही तसंच, साध्या इंग्रजीत सांगा.

तपासायचं कसं

दोन चाचण्या पुरतात. पहिली, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका खाली एक लिहून काढा. तेवढ्यावरून गोष्ट पुढं सरकत असेल तर ठीक. दोन वाक्यं एकमेकांची जागा घेऊ शकत असतील तर त्या दोन परिच्छेदांत अजून एकच दावा आहे, परत समासाकडे जा.

दुसरी, तुमचा विषय न शिकलेल्या कुणाला तरी निबंध एकदाच वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा: मला काय शिकायचंय आणि का? 'तुला पाण्यावर काम करायचंय' असं उत्तर आलं तर निबंध अजून ढोबळ आहे. 'शेततळ्यांमुळं विहिरी आटतात का ते शोधायचंय, आणि ते तुला अजून येत नाही' असं आलं तर झालं. 'छान लिहिलंय' या अभिप्रायाचा उपयोग शून्य, तो मागूच नका.

अर्ज एका निबंधाऐवजी चार-पाच प्रश्नांत विभागलेला असेल तर एक नियम वाढतो: एक प्रसंग एकाच उत्तरात. विहिरींची मोजणी 'नेतृत्व' या प्रश्नात वापरली तर ती 'अभ्यासाचं कारण' यात पुन्हा सविस्तर येता कामा नये, फार तर एका वाक्यात तिचा हवाला द्या. आधी प्रसंगांची यादी करून प्रत्येकासमोर प्रश्नाचा क्रमांक लिहा, मगच उत्तरं लिहायला बसा.

चौकटीत टाकताना

शब्द मोजायला वर्डमध्ये `Ctrl+Shift+G` आणि गूगल डॉक्समध्ये `Ctrl+Shift+C`. पण शेवटचा शब्द पोर्टलचा. वर्ड दोन मोकळ्या जागांमधलं सगळं एक शब्द धरतं, म्हणून हायफननं जोडलेले तीन शब्द तिथं एकच मोजले जातात. काही पोर्टल्स ते तीन मोजतात. शब्द वाचवायला हायफन किंवा तिरकी रेघ मारून शब्द चिकटवण्याची युक्ती इथंच उघडी पडते, शिवाय वाचणाऱ्यालाही ती दिसते.

मर्यादा शब्दांत आहे की अक्षरांत, हे नीट वाचा. अक्षरांत असेल तर सहसा मोकळ्या जागाही मोजल्या जातात. इंग्रजीत मोकळी जागा धरून सरासरी सहा-सात अक्षरांचा एक शब्द पडतो, म्हणजे 4000 अक्षरांत साधारण 600 शब्द बसतात. अशा वेळी शब्दांची संख्या नाही, लांब शब्द नडतात.

काही चौकटी मर्यादेपुढचा मजकूर न सांगता कापतात. म्हणून पेस्ट केल्यावर खाली जाऊन शेवटचं वाक्य पूर्ण आहे का ते बघा. परिच्छेदांमधली मोकळी ओळ टिकली का, अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आलं का, तेही बघा. ठळक आणि तिरपी अक्षरं तिथं बऱ्याचदा साधी होऊन जातात, त्यामुळे अर्थ त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका. मग मसुदा सेव्ह करा, प्रीव्ह्यूची पीडीएफ उतरवून घ्या आणि ती कागदावर वाचा.

आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना जुना लांब मसुदा पाठवला असेल तर आता हा 487 शब्दांचा पाठवा. त्यांनी विहिरीवर टेप सोडताना तुम्हाला पाहिलेलं असेल, तर तेवढंच त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं असं सांगा. नाहीतर जो दुष्काळ तुम्ही मेहनतीनं बाहेर काढला तो त्यांच्या पत्रातून पुन्हा आत येतो.